‘भडक नको’ म्हणजे ‘फिकट द्या’ नव्हे : घराला रंग निवडताना ह्यू, टिंट, शेड, टोन आणि सॅच्युरेशन

रंगाच्या दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “पिवळा हवाय, पण जरा लाइट.” दुकानदार शेड कार्डाची पिवळी पट्टी उघडतो, वरच्या टोकाच्या चौकोनावर बोट ठेवतो, सगळ्यांची मान हलते. पंधरा दिवसांनी त्याच रंगाने हॉल रंगवून होतो आणि तो डोळ्यांत खुपतो, नाहीतर कोपऱ्यांत हिरवट दिसतो. मग दोष रंगाऱ्याला, कंपनीला किंवा पुट्टीला दिला जातो. बहुतेक वेळा तो दोष त्या ‘लाइट’ शब्दाचा असतो.

‘लाइट’मध्ये आपण दोन निरनिराळ्या मागण्या कोंबतो. एक, रंग फिकट हवा. दुसरी, रंग भडक नको. या दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. फिकट करायला पांढरा मिसळतात, भडकपणा उतरवायला राखाडी. भडकच्या उलट फिकट नसतं, मंद असतं. हा एवढा फरक दुकानात शब्दांत सांगता आला, तर रंग फसण्याची बरीच कारणं तिथेच मिटतात. त्यासाठी पाच शब्द नीट ओळखीचे हवेत.

पाच शब्द, पण प्रश्न तीनच

ह्यू म्हणजे रंगाचं मूळ कूळ : तांबडा, केशरी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा आणि त्यांच्या मधले. गुलाबी हे वेगळं कूळ नाही, तो पांढरा मिसळलेला तांबडा. तपकिरीही वेगळा नाही, तो गडद आणि मंद झालेला केशरी. एकाच कुळातही झुकाव असतो. लिंबाचा पिवळा हिरव्याकडे झुकतो, पिकलेल्या हापूसच्या गराचा केशरीकडे. भिंतीच्या रंगात हा झुकाव कुळाच्या नावापेक्षा महत्त्वाचा ठरतो, कारण रंग फिकट असताना तो दिसत नाही आणि चारी भिंतींवर आला की लपत नाही.

मूळ रंगात पांढरा मिसळला की टिंट, काळा मिसळला की शेड, राखाडी मिसळला की टोन. अस्मानी हा निळ्याचा टिंट, आमसुली ही जांभळट तांबड्याची शेड, बदामी हा केशरीकडे झुकलेल्या पिवळ्याचा टोन.

सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा शुद्धपणा, ठसठशीतपणा. झेंडूच्या फुलात तो भरपूर असतो, वाळूत फार थोडा. राखाडीत जवळजवळ नसतोच. टिंट, शेड आणि टोन या तिन्ही वाटांनी सॅच्युरेशन उतरतं. पण टिंटमध्ये त्याबरोबर उजळपणा वाढतो, शेडमध्ये कमी होतो, आणि टोनमध्ये तो राखाडी किती उजळ घेतलाय यावर ठरतो. म्हणूनच पुरेसा उजळ आणि तरीही मंद रंग हवा असेल तर टोनचीच वाट धरावी लागते.

अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकार-शिक्षकाने १९०५ साली रंग मोजायची जी पद्धत मांडली, ती याच तीन प्रश्नांवर उभी आहे : कूळ कोणतं, उजळपणा किती, ठसठशीतपणा किती. भिंतीसाठीही हेच तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

एक घोळ इथेच सोडवून टाकू. आपल्याकडे दुकानात ‘शेड’ म्हणजे कार्डावरचा कुठलाही रंग. ‘शेड नंबर सांगा’ म्हटलं की समोरच्याला काळा मिसळलेला रंग अपेक्षित नसतो. तेव्हा दुकानात शेड हा शब्द त्यांच्याच अर्थाने वापरावा आणि आपली मागणी मराठीत सांगावी : “उजळपणा एवढाच ठेवा, पण यापेक्षा मंद, थोडा राखाडीकडे जाणारा दाखवा.” मुरलेल्या दुकानदाराला हे लगेच कळतं.

पिवळ्याला काळा चालत नाही

उदाहरणासाठी पिवळाच घेऊ, कारण तो सगळ्यात जास्त मागितला जातो आणि सगळ्यात जास्त फसतो.

प्रत्येक कूळ आपला ठसठशीतपणा वेगवेगळ्या उजळपणाला गाठतं. निळा-जांभळा गडद असतानाच सगळ्यात शुद्ध असतो, पिवळा मात्र उजळ असतानाच. त्यामुळे ‘गडद आणि तरीही झगझगीत पिवळा’ नावाची वस्तू नसते. पिवळा गडद करायला गेलं की त्याचा शेवाळी, मेंदी किंवा तपकिरी होतो.

काळ्या स्टेनरने, म्हणजे रंगात थेंबाथेंबाने मिसळायच्या दाट रंगद्रव्याने, होणारा बिघाड यातूनच येतो. दुसरा हात मारायच्या वेळी घरातलं कुणीतरी म्हणतं, थोडा डार्क करा. रंगारी बादलीत काळ्या स्टेनरचे चार थेंब टाकून ढवळतो आणि पिवळा खोल व्हायच्या ऐवजी हिरवट होतो. हे स्टेनर खराब असल्यामुळे होत नाही. काळ्या रंगद्रव्यांची छटा बहुधा निळसर असते आणि पिवळ्यात ती पडली की ऑलिव्हकडेच जाते. पिवळा खोल करायचा असेल तर यलो ऑक्साइड वाढवावा, आणि त्यासोबत अगदी चिमूटभर रेड ऑक्साइड. त्याने रंग गडद होतो, पण उबदार राहतो. तरीही बादलीत हाताने स्टेनर टाकणं टाळलेलंच बरं. पुढची बादली तशीच बनवायची वेळ आली की ते चार थेंब कुणालाच पुन्हा मोजता येत नाहीत.

शेड कार्ड वाचायचं ते खालून

कार्डाच्या एका पट्टीवर सहसा सहा-सात चौकोन असतात, वर फिकट आणि खाली गडद. आपलं बोट वर जातं, डोळे मात्र खाली न्यावेत. वरचे चौकोन पांढऱ्याने इतके भरलेले असतात की त्यांचा झुकाव ओळखू येत नाही. दोन पट्ट्यांवरचे सगळ्यात फिकट पिवळे शेजारी धरले तर सारखेच वाटतील. त्यांच्या तळाचे चौकोन पाहिले, तर एकाचा तळ लिंबाकडे गेलेला असतो आणि दुसऱ्याचा हळदीकडे. भिंतीवर लागल्यावर तो फिकट रंग आपल्या तळाच्या दिशेनेच वागणार आहे.

कूळ असं ठरलं की मग मंदपणा पाहावा. स्वच्छ पिवळ्याची पट्टी आणि त्याच उजळपणाच्या पण मळकट भासणाऱ्या पट्टीचा चौकोन पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. दुसरा चौकोन कार्डावर निरस वाटतो. बरेच लोक तो याच कारणाने नाकारतात, आणि चूक इथेच होते. कार्डावर किंचित मळकट वाटणारा रंगच बहुधा भिंतीवर छान पिवळा दिसतो. याचं कारण पुढे येतंच.

उजळपणाची तुलना डोळ्यांनी करणं अवघड असतं, कारण ठसठशीत रंग असतो त्यापेक्षा उजळ भासतो. सोपा उपाय म्हणजे दोन्ही चौकोनांचा एकत्र फोटो काढून मोबाइलमध्ये तो कृष्णधवल करायचा. राखाडी सारखीच दिसली तर उजळपणा सारखा. काही कंपन्या रंगासोबत एलआरव्ही हा आकडा देतात, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला किती परत येतो त्याचं ० ते १०० मधलं माप. एकाच खिडकीच्या खोलीत ६५ च्या वरचा रंग घेतला तर दिवसा दिवा लावावा लागण्याची शक्यता कमी होते.

मशीनवर बनणाऱ्या रंगात टिंट आणि टोनचा फरक कागदावरही वाचता येतो. डब्याच्या झाकणावर चिकटवलेल्या लेबलावर किंवा मशीनच्या स्क्रीनवर कोणतं रंगद्रव्य किती पडणार हे असतं. कंपनीगणिक कोड वेगळे, म्हणून विचारून घ्या. पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे रंगद्रव्य मिसळण्याआधीच्या मूळ पेंटमध्ये, फक्त शुद्ध पिवळा पडत असेल तर तो स्वच्छ टिंट. त्यासोबत काळा, तपकिरी किंवा ऑक्साइड पडत असेल तर तो टोनकडे गेलेला रंग. “याच्यात काळा आहे का?” एवढं विचारलं तरी पुरतं. इथला काळा कंपनीने मोजून, त्याला तोलणारी इतर द्रव्यं धरून घातलेला असतो. बादलीतल्या चार थेंबांची गोष्ट निराळी.

भिंतीवर रंग वाढतो का?

हो, आणि त्याची चाचणी हातात धरून करता येते. जाड ड्रॉइंग शीटचे साधारण दीड फुटी दोन तुकडे घ्या. निवडलेल्या रंगाचा लहान नमुना डबा आणून दोन्हींवर दोन हात मारा, दोन हातांमध्ये चार तास जाऊ द्या आणि पुरते वाळू द्या. आता ते अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखे काटकोनात धरा आणि आतल्या घडीकडे पाहा. सपाट ठेवलेल्या शीटवरचा तोच रंग घडीत स्पष्टपणे जास्त पिवळा दिसेल.

कारण साधं आहे. पिवळा पृष्ठभाग प्रकाशातला निळा भाग शोषून उरलेला परत पाठवतो. तो उरलेला प्रकाश समोरच्या पिवळ्यावर पडतो, तिथे आणखी थोडा निळा कमी होतो. खोलीत चार भिंती एकमेकींकडे असाच प्रकाश टोलवत राहतात आणि प्रत्येक फेरीत सॅच्युरेशन चढतं. दोन इंचांच्या चौकोनाला समोर भिंतच नसते, म्हणून तो आपल्याला हे सांगू शकत नाही.

यावर पट्टीत एक घर वर जाणं, म्हणजे आणखी पांढरा, हा नेहमीचा उपाय आहे. त्याने भिंतीचा मधला भाग जवळजवळ पांढरा होतो आणि कोपरे पिवळेच राहतात. खोली अर्धवट रंगवल्यासारखी दिसते. तोच उजळपणा ठेवून मंद पट्टीवर गेलं तर भिंतीचा मध्य आणि कोपरा यांतलं अंतर कमी होतं. एकाच भिंतीला ठसठशीत रंग द्यायचा असेल आणि उरलेल्या तीन पांढऱ्या असतील, तर ही वाढ बरीच कमी असते. तिथे थोडा जास्त शुद्ध रंग पेलतो. मात्र त्या भिंतीसमोरच्या पांढऱ्यावर त्याची झाक पडणार हे धरून चाला.

एक हॉल, तीन शीट

आता हे सगळं एका खोलीवर लावू. हॉल १० फूट बाय १५ फूट, उंची १० फूट. खिडकी एकच आणि ती उत्तरेला. जमिनीवर कोटा दगड, छत पांढरं, दिवे ६५०० केल्विनच्या एलईडी ट्यूब. मागणी : उबदार पिवळा, पण भडक नको.

रंगाआधी प्रकाश वाचायचा. उत्तरेच्या खिडकीतून बहुतेक वर्षभर ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत मध्यान्हीचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो, पण तेव्हा अर्धा काळ ढगांचाच. वर ६५०० केल्विनची ट्यूबही निळसर पांढरी, आणि कोट्याची फरशी हिरवट उजेड वर फेकते. म्हणजे या खोलीतल्या तिन्ही गोष्टी पिवळ्याला हिरव्याकडे ओढणाऱ्या आहेत.

पहिली शीट स्वच्छ, लिंबाकडे झुकलेल्या फिकट पिवळ्याची. कार्डावर हा सगळ्यात प्रसन्न वाटतो. या खोलीत फरशीपासून फूटभर उंचीवर धरला की पोपटी झाक येते, आणि घडीत तो डोळ्यांवर येतो. कूळही चुकलं, सॅच्युरेशनही.

दुसरी शीट त्याच पट्टीत दोन घरं वरची. भडकपणा गेला, पण आता तो दुपारी थंड पांढरा आणि रात्री ट्यूबखाली पातळ हिरवट दिसतो. पांढऱ्याने झुकाव बदलला नाही, फक्त पातळ झाला. ‘लाइट द्या’ म्हटल्यावर हीच शीट घरी येते.

तिसऱ्या शीटला दोन बदल केले. कूळ केशरीकडे सरकवलं, म्हणजे जिच्या तळाला हळद किंवा गेरूमिश्रित पिवळा आहे अशी पट्टी घेतली. आणि उजळपणा पहिल्या शीटइतकाच ठेवून टोन घेतला. दुकानात हा रंग साजूक तुपाला किंचित धूर लागल्यासारखा दिसतो. या खोलीत खिडकीतला निळसर उजेड त्याचा केशरी झुकाव खाऊन टाकतो आणि डोळ्यांना दिसतो तो साधा, उबदार पिवळा. राखाडीमुळे घडीत तो चढतो, पण खुपत नाही.

शीट पाहण्याचीही रीत आहे. ती जुन्या रंगावर थेट चिकटवू नये, कारण शेजारचा रंग तुलनेने फसवतो. जुनी भिंत गुलाबी असेल तर पिवळा आहे त्याहून हिरवट भासेल. मागे मोठा पांढरा कागद लावा आणि शीट उभीच ठेवा. टेबलावर आडवी ठेवली तर वरचा उजेड थेट पडून ती जास्त उजळ दिसते. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून, खिडकीजवळ आणि खिडकीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात अशी पाहा. ओल्या रंगावर निर्णय कधीच घेऊ नका. इमल्शन ओलं असताना दुधाळ असतं आणि वाळल्यावर गडद होतं. डिस्टेंपरचं उलट, ते वाळून फिकट होतं.

दिवे बदलायचे असतील तर ते रंगाच्या आधी बदला. याच हॉलमध्ये ३००० केल्विनचे वॉर्म दिवे लावले तर ते स्वतःच पिवळसर असल्यामुळे तिसरी शीट रात्री खूप खोल, जवळजवळ बदामी दिसेल. मग कूळ थोडं मागे, मध्यम पिवळ्याकडे आणावं लागेल. ४००० केल्विनचा दिवा या दोन्हींच्या मधला, ना फार निळसर ना फार पिवळसर असतो, म्हणून रंग आणि दिवे दोन्ही नव्याने घेणाऱ्यांनी तोच धरावा असं आमचं मत आहे.

गडद आणि ठसठशीत रंगांचा खर्च

फिकट रंग पांढऱ्या बेसमध्ये बनतो. त्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतं आणि खालचा थर झाकायचं काम तेच करतं. खूप ठसठशीत किंवा गडद रंग जवळजवळ पारदर्शक बेसमध्ये बनवावे लागतात, कारण पांढरा असला की ते फिके पडतात. अशा रंगात झाकायचं काम फक्त रंगद्रव्यावर येतं. झगझगीत पिवळ्या आणि लाल द्रव्यांची झाकण्याची ताकद कमी असते, म्हणून दोन हातांत भिंत डागाळलेली, ब्रशच्या रेघांची दिसते. तीन किंवा चार हात धरा, किंवा आधी त्याच रंगाकडे झुकलेला एक अस्तर-हात द्या. दर लिटरमागेही जास्त पडतो.

बाहेरच्या भिंतीला आणखी एक विचार. यलो ऑक्साइड, रेड ऑक्साइड यांसारखी लोहयुक्त द्रव्यं उन्हात टिकतात, म्हणून गेरू-विटकरी-मातकट पिवळे वर्षानुवर्षं जवळपास तसेच राहतात. झगझगीत पिवळे आणि लाल बहुधा सेंद्रिय द्रव्यांतून येतात आणि पश्चिमेच्या भिंतीवर आधी उतरतात. बाहेर टोन घेण्याचं हे कारण सौंदर्याइतकंच टिकाऊपणाचंही आहे.

चकाकीही विसरू नका. तोच नंबर मॅटमध्ये थोडा फिका आणि शीनमध्ये जास्त खोल, ठसठशीत दिसतो. नमुना शीट ज्या फिनिशची, भिंतही त्याच फिनिशची हवी.

डबे घेताना

त्या हॉलचा परीघ ५० फूट, उंची १० फूट, म्हणजे ५०० चौरस फूट. दारं-खिडक्यांचे ८० वजा केले की ४२०. घोटलेल्या पुट्टीवर प्रायमर असेल तर चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण १०० ते १३० चौरस फूट जातं. म्हणजे ४ लिटर काठावर, ५ लिटर सुरक्षित. ४ लिटरचा आणि १ लिटरचा डबा एकाच वेळी, एकाच दुकानातून, एकाच मशीनवर बनवून घ्या. सुरुवातीलाच दोन्ही मोठ्या बादलीत ओतून एकत्र ढवळा. फिकट रंगात द्रव्याचं माप काही मिलीलिटरचंच असतं, लहान डब्यात त्यातला थेंबाचा फरकही दिसतो. हॉलच्या तीन भिंती एका डब्यातून आणि चौथी दुसऱ्यातून, असं झालं की तो फरक कोपऱ्यात शेजारी-शेजारी येतो.

त्याच कारणाने नमुन्याचा लहान डबा आणि मोठा डबा हुबेहूब जुळेलच असं नाही. मोठ्या डब्यातला रंग पहिल्या दिवशी शीटच्या एका कोपऱ्यावर लावून वाळवून पाहा, मगच भिंतीला हात लावा. कंपनी बदलून ‘तोच रंग जुळवून द्या’ म्हणणं टाळा. वेगळ्या द्रव्यांतून जुळवलेला रंग दुकानाच्या ट्यूबखाली जुळतो आणि घरच्या उजेडात वेगळा पडू शकतो.

काम झाल्यावर अर्धा लिटर रंग घट्ट झाकून सावलीत ठेवा. झाकणावरच्या लेबलाचा फोटो काढा. शेड नंबर, बेस, फिनिश आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढे खिळ्याचं भोक बुजवायचं झालं तर पॅच मारताना उघड्या भिंतीच्या मधोमध थांबू नका; कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा पूर्ण पट्टा रंगवा, कारण जुनी भिंत तोवर थोडी उतरलेली असेल.